मावशी आली, मावशी आल्या

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळपासून पावसाची रिपरिप, सिंकमध्ये रात्रीची भांडी तशीच, कुकरच्या तळाला चिकटलेल्या भाताला आंबूस वास यायला लागलेला. त्यात सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं आणि तिथून निरोप आला की अकराशिवाय काही खरं नाही. मी नवऱ्याला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं, "अरे, डॉक्टर अजून आल्या नाहीत, अकरानंतर या म्हणतायत. आणि आपली मावशी पण आली नाही अजून, सगळं पडलंय." फोन ठेवला. दार नुसतं लोटलेलं होतं. मागून आवाज आला, "आल्या बरं का मावशी."

त्या दारात उभ्या होत्या. एका हाताने छत्री झटकत होत्या, दुसऱ्या हातात चपला. "आल्या"वर अगदी किंचित जोर होता, भाजीत मीठ चिमूटभर जास्त पडावं इतकाच. चेहऱ्यावर हसू होतं. मीही हसले. त्यांनी पदर खोचला, नळ सोडला आणि रोजच्यासारख्या भांड्यांना लागल्या. दिवसभर त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. पण तो एक "ल्या" माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना.

कारण मी स्वतःला या बाबतीत बरी समजत होते. अकरा वर्षांत मी त्यांना एकदाही एकेरी हाक मारलेली नाही. "मावशी, चहा घ्या", "मावशी, उद्या जरा लवकर याल का", सगळं अहो-जाहो. सोसायटीत काही घरांत त्यांच्याहून निम्म्या वयाच्या मुली "ए मावशी, हे पण घास" म्हणतात, तेव्हा माझ्या कपाळावर आठी पडते. आणि तोंडावर एवढी अदब पाळणारी मी, त्यांची पाठ वळली की बिनदिक्कत "आली", "गेली", "म्हणाली" म्हणत होते. एकाच दमात डॉक्टर आल्या नव्हत्या आणि मावशी आली नव्हती. दोघी बायकाच, आणि डॉक्टर तर वयाने माझ्या मुलाएवढ्या असतील.

हाक तोंडावर मारायची असते. माणसाचा खरा भाव त्याच्या पाठीमागे वापरलेल्या क्रियापदाला कळतो.

आमचं माहेर सांगलीचं. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. "तात्या आले" असं कुणी म्हटलं की घर जरासं आवळायचं. रेडिओचा आवाज खाली यायचा, पसरलेले पाय दुमडले जायचे. "आई आली" म्हटल्यावर कुणी जागचं हलायचं नाही, उलट सगळे तिच्या पिशवीत काय आहे ते बघायला धावायचे. तात्यांना "तुम्ही", आईला "तू". आजोबा आले, आजी आली. काका आले, आत्या आली. हे कुणी शिकवलं नाही, पण यात चूक केलेली मला आठवत नाही. फक्त मामाचं वेगळं होतं. मामा पुरुष असून, आईपेक्षा मोठा असून, "मामा आला"च होता. त्याच्या खांद्यावर बसायचं, त्याच्या खिशात हात घालायचा, "मामा, तू खोटं बोलतोस" असं तोंडावर म्हणायचं. मावशीही अर्थातच "तू". आईकडचा सगळा गोतावळा एकेरीत आणि वडिलांकडचे पुरुष अनेकवचनात. प्रेम आणि धाक यांची वाटणी आमच्या घरात क्रियापदांनी करून ठेवली होती. सगळ्या घरांत असंच असतं असं नाही. काकाला "तू" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत, आणि हल्ली तर "अरे बाबा, तू कधी येणार?" हे सर्रास ऐकू येतं. भावाची मुलं त्याला असं म्हणतात तेव्हा तो सुखावतो, आणि तात्या हयात असते तर त्यांनी चष्म्यावरून कसं पाहिलं असतं, ते आम्हा दोघांना एकदमच आठवतं.

पत्रांत मात्र आईचीही बढती व्हायची. "तीर्थरूप आईस, साष्टांग नमस्कार" असा शाळेत शिकवलेला मायना. तीर्थरूप म्हणजे प्रत्यक्ष आईवडील, आणि तीर्थस्वरूप म्हणजे त्यांच्या जागी असलेली बाकीची वडीलधारी. हा फरक मार्कांसाठी पाठ केलेला. होस्टेलवरून मी तसा मायना लिहायची आणि पुढच्याच ओळीत "तू लाडू पाठवशील का" यायचं. तीर्थ आणि लाडू एकाच निळ्या अंतर्देशीयावर, आणि त्यात काही विसंगत आहे असं तिला वाटलं नाही, मला वाटलं नाही.

लग्न झालं आणि मला दुसरी आई मिळाली. म्हणजे हाक तीच, "आई". पण ही आई "तुम्ही" होती. पहिले काही महिने माझी जीभ अडखळायची. माहेरच्या सवयीने "आई, तू" इतकं तोंडात यायचं आणि "तू"वर ब्रेक लागायचा. एकदा मी म्हणून गेले, "आई, तू बस, मी वाढते." स्वयंपाकघरात क्षणभर फक्त फोडणीचा आवाज होता. सासूबाई बसल्या, काही बोलल्या नाहीत. आजतागायत मला कळलेलं नाही की त्यांना ते टोचलं की आवडलं. पण या व्यवस्थेचा एक फायदा मात्र झाला. मी मैत्रिणीला फोनवर "आई आली आहे" म्हटलं की तिला कळतं, सांगलीची. "आई आल्या आहेत" म्हटलं की कळतं, सासूबाई, आणि ती लगेच आवाज खाली आणून विचारते, "किती दिवस?" शब्द एकच, वेलांटी आणि जोडाक्षर बदललं की माणूस बदललं.

जोडाक्षरच असं नाही, कधी कधी नुसता एक ठिपका पुरतो. "आईचा फोन" आणि "आईंचा फोन". "बाईचा निरोप" आणि "बाईंचा निरोप". आमच्या फ्रिजशेजारी कॅलेंडर टांगलेलं आहे. त्यावर दुधाचे, इस्त्रीचे, सुट्ट्यांचे हिशेब असतात. त्या श्रावणातल्या सकाळनंतर मी ते जरा निरखून पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "मावशीचे पैसे दिले". त्याच्याच खालच्या चौकोनात, "जोशीकाकूंचा डबा परत". काकूंच्या डोक्यावर टिंब होतं. मावशीच्या नव्हतं. आणि मावशींना वाचता येतं. रोज फरशी पुसताना त्या कॅलेंडरखालूनच जातात.

मग मला हा दुसराच प्रश्न पडला. जोशीकाकू काकू का, आणि मावशी मावशी का?

शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई काकू असतात. मुलाच्या मित्राची आई काकू असते. भांडी घासणारी, पोळ्या लाटणारी, एसटी स्टँडवर करवंदं विकणारी बाई मावशी असते. हॉस्पिटलात गेलात तर हे आणखी ठळक दिसतं. नर्स सिस्टर असते, आया मावशी असते, आणि वॉर्डबॉय चक्क मामा. चौकातला हवालदारही मामा. सगळी आईकडची नाती. वडिलांकडचे काका-काकू आपण आपल्या बरोबरीच्यांसाठी राखून ठेवतो. याचा कुणी नियम केलेला नाही, आणि अपवाद भरपूर आहेत. वॉचमनकाका असतात, शाळेत शिपाईकाका असतात, रिक्षावाले काका तर आपण दिवसातून तीनदा म्हणतो. तरीही मला वाटतं, मामा-मावशी ही नाती आपल्याला या कामासाठी सोयीची पडतात, कारण ती घरातच "तू"सकट मिळतात. मावशी म्हटलं की "आली" आपोआप येतं, कारण सख्ख्या मावशीलाही आपण "आली"च म्हणतो. नातं जोडल्याचं समाधानही मिळतं आणि एकेरीची सोयही राहते. मी त्या दिवशी स्वतःची समजूत अशीच घातली होती. म्हटलं, त्यात काय, मी माझ्या सख्ख्या मावशीलाही "मावशी आली" असंच म्हणते की.

पण ती समजूत संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. माझी सख्खी मावशी मला "तू" म्हणते, मी तिला "तू" म्हणते. ती चिडली की "गाढवे" म्हणते, आणि मी चिडले की "मावशी, तुला ना काही कळत नाही" म्हणते. तो "तू" दोन्ही बाजूंनी चालणारा रस्ता आहे. घरी येणाऱ्या मावशी मला "ताई, तुम्ही" म्हणतात. घरी गेल्यावर नवऱ्याला माझ्याबद्दल सांगताना त्या काय म्हणत असतील? "ताई आली" की "ताई आल्या"? मला खात्री नाही, पण "आल्या"च म्हणत असतील असं वाटतं. आणि तसं वाटण्यात माझा किती आत्मविश्वास आहे, ते पाहून जरा लाज वाटते. परत न येणारा "तू" म्हणजे मावशीचा "तू" नव्हे, तो मालकिणीचा.

शिवाय वयाचा हिशेब बघा. त्यांच्या मुलीच्या कॉलेजच्या अर्जासाठी मी मागे त्यांचं आधार कार्ड पाहिलं होतं. जन्मसाल १९७९. माझं १९७४. म्हणजे मी ज्यांना मावशी म्हणते त्या माझ्याहून पाच वर्षांनी लहान, आणि त्या मला ताई म्हणतात ते मात्र वयाला धरून. माझा मुलगा लहान असताना त्याच्या तोंडून "मावशी" सुरू झालं आणि आम्ही सगळे त्याच्या बाजूने हाक मारायला लागलो. आपल्याकडे हे नेहमीचंच, नवरा बायकोला मुलांदेखत "आई" म्हणतो तसं. पण मुलगा आता पुण्याबाहेर नोकरीला आहे आणि मी अजून त्याच्या उंचीवरून हाक मारते आहे. त्यांचं नाव मला माहीत आहे, अर्थात. पण माझ्या फोनमध्ये ते नाही. तिथे "मावशी भांडी" आहे, आणि त्याच्याखाली "मावशी पोळ्या".

असं तोंडावर एक आणि पाठीमागे दुसरं आणखी कुठे होतं, ते मी शोधायला लागले आणि सापडलं ते आपल्याच घरात, पण उलटं. नवऱ्याला मी "अरे" म्हणते. लग्नाच्या आधीपासून आमचं "तू"च आहे. पण सासूबाईंच्या समोर, किंवा त्यांच्याकडच्या लग्नात, मी "हे येतायत मागून" म्हणते. तिथे तो "तो" नसतो, "हे" होतो. म्हणजे तोंडावर एकेरी आणि लोकांत अनेकवचनी. माझ्या सासूबाईंची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्यासाठी नवऱ्याचं नाव "अहो" हेच होतं. "अहो" म्हटलं की घरात चार पुरुष असले तरी एकानेच वळून बघायचं. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. मागच्या दिवाळीला कंदील लावताना स्टुलावर चढलेल्या इलेक्ट्रिशियनला त्यांनी "अहो, जपून" म्हटलं आणि मग बराच वेळ गप्प झाल्या. नुसतं एक संबोधन, जगातल्या कुठल्याही परक्या माणसाला चालणारं, त्यांनी पन्नास वर्षं एकाच माणसावर वापरलं होतं.

तसं पाहिलं तर परक्याशी बोलताना मराठीत पळवाटाही पुष्कळ आहेत. दोन वर्षांपूर्वी सांगलीला आमच्या दहावीच्या वर्गाचं स्नेहसंमेलन झालं. आमच्या वेळी मुलं-मुली एका वर्गात बसून तीन वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. त्यामुळे आता पन्नाशीत समोर आल्यावर कुणाला काय म्हणायचं ते ठरेना. "तू" म्हणावं तर तेव्हा कधी म्हटलं नाही, "तुम्ही" म्हणावं तर वर्गमित्र. मग दुपारपर्यंत सगळ्यांनी "तू"-"तुम्ही"च गाळून टाकलं. "सध्या कुठं असणं?" "मुलं काय करतात?" "जेवण झालं का?" "चहा चालेल ना?" "तू"-"तुम्ही" टाळणारी इतकी वाक्यं मी एका दिवसात कधी ऐकली नव्हती. मराठीत "झालं का जेवण?" या प्रश्नात अख्खा माणूस लपवता येतो, आणि माझा अंदाज असा की सोयरिकीच्या पहिल्या भेटी निम्म्या या युक्तीवरच निभावतात. शेवटी भेळ खाताना एकाने दुसरीला ठसका लागला म्हणून "अगं, पाणी पी" म्हटलं, आणि तिथून बांध फुटला. निघायची वेळ आली तेव्हा सगळे "तू"वर होते. एक जण सोडून. तो मोठा सरकारी अधिकारी झालाय. त्याला सगळे शेवटपर्यंत "काय साहेब" म्हणत राहिले, थट्टेत, पण कुणीच "काय रे" म्हणालं नाही. निघताना तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मला कुणी शिव्या पण दिल्या नाहीत गं." त्याचा "गं" ऐकून मला बरं वाटलं आणि तरी मीही त्याला "ये रे पुण्याला" म्हणू शकले नाही. "या एकदा पुण्याला" म्हणाले.

जास्तीचा मान हा लांब ठेवण्याचाही मार्ग असतो, हे पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. बेल वाजवल्यावर दार बोटभर उघडून कुणी "आपण?" असं विचारलं की समजायचं, आत बोलावणं नाही. आमची आई रागावली की मला "या बाईसाहेब, झाली का झोप?" म्हणायची. त्या "या"पेक्षा एक धपाटा परवडला असता. आणि उलट, वारीच्या वाटेवर दिंडी आमच्या भागातून जाते तेव्हा ऐकते ते. पाच वर्षांचं पोर असो की सत्तरीचा म्हातारा, "माउली, जरा वाट द्या", "माउली, पाणी घ्या". वय नाही, जात नाही, बाई की पुरुष तेही नाही, सगळ्यांना एकच शब्द, तोही आईचा. आणि ज्याच्यासाठी हे सगळे चाललेले असतात त्याला मात्र जनाबाईपासून सगळे "अरे"च म्हणत आले. पंढरपुरातल्या देवाला "अहो विठ्ठलराव" म्हणून कुणी हाक मारली तर तो विटेवरून खाली उतरून "काय चुकलं?" विचारेल.

असो. मी काय केलं ते सांगते. फार काही नाही. कॅलेंडरवर पुढच्या महिन्यापासून टिंब द्यायला लागले. घरात "मावशी आल्या का?" असं म्हणायला लागले. पहिल्या दिवशी नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकं काढून विचारलं, "कुठल्या मावशी? कराडच्या? मला सांगितलं नाहीस." तो खरंच शर्ट बदलायला उठला होता. सासूबाईंना तर तो बदल अजिबात पटला नाही. "उगाच कशाला, मावशी म्हणजे घरचीच की," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. त्या मावशींना खरोखर "तू" म्हणतात, तोंडावर आणि पाठीमागेही, आणि मावशी त्यांच्या पायाला तेल लावताना त्यांना "आजी, गप बस गं जरा" असं म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. तो रस्ता दोन्ही बाजूंनी चालू आहे. बंद आहे तो माझा. हा लेख लिहितानासुद्धा दोनदा "मावशी म्हणाली" लिहून खोडलंय.

मागच्या आठवड्यात पुन्हा असाच पाऊस होता आणि पुन्हा उशीर झाला होता. साडेनवाच्या सुमारास त्यांच्या मुलीचा फोन आला. ती मला काकू म्हणते. "काकू, आई आली का तिकडं? तिचा फोन घरीच राहिलाय."

मी म्हणाले, "नाही गं, अजून आल्या नाहीत."

पलीकडे ती थांबली. "कोण नाही आल्या?"

"अगं, तुझी आई."

"हां हां," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. स्वतःच्या आईला कुणी "आल्या" म्हणतं, हे बहुधा पहिल्यांदाच ऐकत होती. मला काय बोलावं सुचेना. तेवढ्यात जिन्यात छत्री झटकल्याचा आवाज आला आणि दार ढकललं गेलं.

"आली बघ तुझी आई," मी फोनमध्ये म्हणाले.

मावशी दारात चपला काढत होत्या. मी फोन त्यांच्यापुढे धरला.